अनुभव धागा: मेलच्या विषयात ACTION, FYI, URGENT लिहायचं ठरलं, पुढे काय झालं?

कुंभारवाडा

आमच्या टीममध्ये चौदा जण आहेत, काम गाड्यांचे सुटे भाग बनवायचं. डिझाइन, क्वालिटी, प्रॉडक्शन आणि खरेदी यांच्यात दिवसभर मेल फिरत असतात. सगळ्यांनी बसून ठरवलं की विषयाच्या सुरुवातीला तीनपैकी एक खूण असायलाच हवी: `[ACTION]`, `[FYI]` किंवा `[URGENT]`. दोन महिने झकास चाललं. मी क्वालिटीत आहे. `[FYI]` आलं की सरळ वेगळ्या फोल्डरमध्ये जाईल असा फिल्टर लावला आणि तो फोल्डर शुक्रवारी जेवणानंतर उघडायचा असं ठरवून टाकलं.

एका सोमवारी डिझाइनकडून मेल आला, `[FYI] Bracket drawing Rev C`. ब्रॅकेटच्या भोकाचा व्यास 8.2 ऐवजी 8.5 मिमी, पुढच्या महिन्यापासून. अकरा जणांना पाठवला होता आणि खूण अगदी बरोबर होती. बुधवारी ग्राहक म्हणाला, बदल आत्ताच हवा. डिझाइनच्या पोराने त्याच मेलला रिप्लाय-ऑल मारला: "चालू लॉट थांबवा आणि थांबवल्याचं कळवा." विषय तसाच राहिला, `Re: [FYI] Bracket drawing Rev C`. तो इमानेइतबारे माझ्या शुक्रवारच्या फोल्डरमध्ये जाऊन पडला.

शुक्रवारी दुपारी तीनला वाचला तेव्हा जुन्या मापाचे 400 नग तयार होते. भोक मोठंच करायचं होतं म्हणून रीमर मारून भागलं. लहान करायचं असतं तर सगळे भंगारात. पण त्यातल्या 120 नगांना प्लेटिंग झालं होतं, ते भोकात खरवडलं गेलं आणि ते नग पुन्हा प्लेटिंगला पाठवावे लागले. चूक डिझाइनची की माझ्या फिल्टरची, यावर आमच्याकडे अजून दोन तट आहेत.

तुमच्याकडे अशा खुणा वापरतात का? कुठे अडलं? लिहा.

तिसरा_डबा

आमचं दुखणं उलटं. मी खाते विभागात. आमच्याकडे `[ACTION]` वाचलं जात नाही अशी तक्रार झाली आणि एकेक जण `[URGENT]` वर सरकला. महिनाअखेरीला तर चहाच्या बिलाची मंजुरीसुद्धा अर्जंट! शेवटी साहेबांनी एकच अट घातली: ज्याला आज ऑफिस सुटायच्या आत उत्तर हवंय त्याने आधी फोन करायचा, मगच `[URGENT]` लिहायचं, आणि मेलच्या पहिल्या ओळीत "फोनवर बोलणं झालं" असं टाकायचं. फोन करायचा म्हटल्यावर निम्म्या लोकांची घाई आपोआप ओसरली.

रानमेवा

यासाठी एवढा खटाटोप कशाला? आउटलुकमध्ये हाय इम्पॉर्टन्सचा लाल उद्गार आहे की. एक क्लिक, काम झालं.

तिसरा_डबा

@रानमेवा, ऑफिसात सगळे आउटलुकवर असतील तर चालेल. आमचे निम्मे पुरवठादार जीमेलवर आहेत, त्यांना तो उद्गार दिसतच नाही. त्यांच्याकडे पिवळी खूण दिसते ती जीमेलने स्वतःच्या अंदाजाने लावलेली असते, तुम्ही पाठवलेली नाही. शिवाय लाल उद्गारातून "घाई आहे" एवढंच कळतं. काम कुणी करायचं, ते नाही कळत.

रानमेवा

हे माहीत नव्हतं. तरी आमच्या ऑफिसात तोच चालू ठेवणार, खोटं कशाला बोलू.

खाकी_पेटी

मी सैन्यात सिग्नल्समध्ये होतो, आता निवृत्त. कुंभारवाडा, तुमचा किस्सा वाचून हसू आलं, राग नका मानू. आमच्या संदेशाच्या फॉर्मवर पत्त्यांचे दोन रकाने असायचे. एक ज्यांनी कृती करायची त्यांचा, दुसरा ज्यांना नुसतं कळवायचं त्यांचा. संदेश एकच, पण कुणासाठी तो हुकूम आणि कुणासाठी बातमी. घाई किती, हे तिसऱ्याच जागी लिहायचं. तुम्ही तिन्ही गोष्टी एका कंसात कोंबल्या आहेत. बुधवारचा मेल अकरा जणांना गेला, पण लॉट थांबवणारा तर एकच होता ना? बाकी दहांसाठी ती बातमीच होती. मग खूण कुणाच्या बाजूने लावायची?

शुभांगी_क

मला एक विचारायचं होतं. जीमेलमध्ये लेबलांना रंग कसे देतात? मुलीच्या शाळेचे मेल हिरवे करायचे आहेत, फीचे लाल.

खाकी_पेटी

ताई, तो रंग फक्त तुम्हाला दिसेल, शाळेला नाही. इथे पाठवणाऱ्याने लिहायच्या खुणांबद्दल चाललंय. पण डावीकडे लेबलाच्या नावावर माउस नेलात की तीन ठिपके दिसतील, तिथे रंग आहेत.

शुभांगी_क

मिळाले! धन्यवाद काका.

पाटीपेन्सिल

जीमेल वापरणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. शोधताना आणि फिल्टर लावताना जीमेल चौकोनी कंस बघत नाही. मी `subject:[ACTION]` असा फिल्टर लावला आणि त्यात आमच्या क्वालिटीचे `Corrective Action Report` वाले सगळे मेल येऊन बसले. दिवसाला वीस-पंचवीस. आठवडाभर वाटत होतं, लोकांनी अचानक मला एवढी कामं का दिली? मग आम्ही शब्दच बदलला, `ACTN`. रोजच्या बोलण्यात न येणारा शब्द घेतला की गोंधळ मिटतो. कंस हवे तर डोळ्यांसाठी ठेवा.

नेकारकाठ

मी जर्मनीत, टीम अर्धी इथे आणि अर्धी पुण्यात. इथल्यांच्या उत्तराला `Re:` ऐवजी `AW:` लागतं, पुढे पाठवलं की `WG:`. दोन्हीकडून चार वेळा मेल गेला की विषय होतो `AW: Re: AW: WG: [ACTION] ...` आणि मोबाइलवर खूण दिसायच्या आत ओळ संपते. मी हाताने पुसत बसते. इथले जुने लोक `FYI` ऐवजी `zK` लिहितात, "माहितीसाठी" या अर्थी. पुण्यातल्या मुलांनी ते महिनाभर कुणाची तरी आद्याक्षरं समजून सोडून दिलं.

कुंभारवाडा

काका, रागाचा प्रश्नच नाही, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. त्यानंतर आम्ही दोन गोष्टी बदलल्या. `ACTION` लिहिलं तर त्यापुढे नाव आणि तारीख लिहायचीच, उदाहरणार्थ `[ACTION: Quality, 14 Aug] Stop current lot, Rev C`. नाव लिहिता येत नसेल तर ते `ACTION` नाहीच. दुसरं, मेलचं काम बदललं की जुन्याला उत्तर द्यायचं नाही. नवा विषय, नवा मेल आणि खाली जुना मजकूर चिकटवायचा. आम्ही जीमेलवर आहोत, तिथे विषय बदलला की संभाषण तुटून नवं सुरू होतं, तेच आम्हाला हवं होतं.

पाटीपेन्सिल

हे दुसरं मला नाही पटत. ऑडिटच्या वेळी "हा बदल कुठून आला" दाखवायचं असतं तेव्हा एकच लांब साखळी कामाला येते. तुम्ही तिचे चार तुकडे केलेत.

कुंभारवाडा

खरंय. ड्रॉइंग नंबर प्रत्येक विषयात ठेवतो म्हणून शोधता येतं, पण साखळी तुटते हे मान्य. अजून तोडगा नाही.

तिसरा_डबा

आणि फिल्टरचं काय केलंत?

कुंभारवाडा

फोल्डर आहे. फक्त आता रोज चारला उघडतो. मग तो फिल्टर लावून काय मिळवलं, असं बायको विचारते.