मुख्याध्यापिकांकडून नव्या पालकांचं स्वागत: टिपणांवरून व्हिडिओ

"मुख्याध्यापिका मॅडमनी दोन पानी टिपणं दिलीत, नव्या पालकांच्या स्वागताचा दीड मिनिटाचा व्हिडिओ हवाय. काय ठेवू?"

दीड मिनिटात सावकाश बोललं तर दीडशेच्या आसपास शब्द बसतात. त्यामुळे गणवेश, वेळापत्रक, फी हे सगळं व्हिडिओखाली लेखी द्या. ऐकून ते लक्षात राहत नाही. उरलेल्या जागेत पालकांच्या मनातल्या काळजीला उत्तर द्या. "सर्वांगीण विकासासाठी शाळा कटिबद्ध आहे" याऐवजी मॅडमनी म्हणावं, "पहिल्या दिवशी मूल रडलं तर घाबरू नका, पहिलीच्या बाई फाटकापाशीच असतील." (बाई खरंच असणार ना, हे आधी विचारून घ्या!) मग मॅडमना मोठ्याने वाचायला सांगा. जिथे दम लागेल किंवा जीभ अडखळेल, तिथे वाक्य तोडा. मुद्दे मोठ्या अक्षरांत कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी चिकटवा, म्हणजे नजर खाली जाणार नाही.