मदत हवी आहे: आरसी फेज-शिफ्ट ऑसिलेटर गेन 30 ठेवूनही सुरू होत नाही

तिसरा_बाक:
741 वर आरसी फेज-शिफ्ट ऑसिलेटर जोडलाय. तीन कपॅसिटर 10 नॅनोफॅरडचे ओळीने, आणि प्रत्येकानंतर 10 किलोओहमचा एकेक रेझिस्टर ग्राउंडला. तिसऱ्या जोडीपासून पुढे 10 किलोओहमचा इनपुट रेझिस्टर ऑप-अँपच्या इन्व्हर्टिंग पिनला (2 नंबर), आणि आउटपुटपासून त्याच पिनला 300 किलोओहमचा फीडबॅक रेझिस्टर. 3 नंबरची पिन थेट ग्राउंडला. सप्लाय ±12 व्होल्ट.

गेन 29 हवा, माझा 30 आहे. तरी सीआरओवर नुसती सरळ रेघ. पॉवर दिली की क्षणभर थोडी थरथर दिसते आणि विरते. आयसी बदलून पाहिला, ब्रेडबोर्ड बदलून पाहिला. मग फीडबॅकमध्ये 500 किलोओहमचं पॉट लावलं, तर साधारण 400 किलोओहमला साहेब अचानक सुरू झाले! पण फ्रिक्वेन्सी 745 हर्ट्झच्या आसपास. सूत्राने यायला हवी 650. गेन वाढवल्याने फ्रिक्वेन्सी बदलते का? आणि 29 हा आकडा नुसता वहीतलाच आहे का?

लहरी:
पॉवर दिल्यावर थरथर होऊन विरते म्हणजे लूप गेन एकपेक्षा कमी, एवढं नक्की. ट्रान्झिस्टर कोणता आहे? `hfe` निदान 44.5 लागतो, तो आधी मोजा. कमी बीटाचे ट्रान्झिस्टर नेहमी दगा देतात.

तिसरा_बाक:
ट्रान्झिस्टर नाहीच आहे, 741 आहे.

लहरी:
अरे हो, घाईत वाचलं. मग माझा पास.

अर्धा_किलोओहम:
29 वगैरे विसरा. सरळ विचार करा. ऑप-अँप 180 अंश देतो, उरलेले 180 तीन आरसी जोड्यांनी द्यायचे, म्हणजे प्रत्येकी 60. एका जोडीने 60 अंश फिरवले की सिग्नल निम्मा होतो. तीन वेळा निम्मा म्हणजे आठवा हिस्सा. म्हणजे गेन 8 पुरतो! तुमचा 30 आहे तरी चालत नाही, त्याअर्थी वायरिंगमध्ये काहीतरी सुटलंय. प्रत्येक जोड तपासा.

जुना_मल्टीमीटर:
तुमचं गणित चुकीचं नाही, पण ते वेगळ्या सर्किटचं आहे. प्रत्येक जोडीनंतर बफर टाकला तर 60-60-60 आणि गेन 8 बरोबर. त्या वेळी फ्रिक्वेन्सीही बदलते: याच किमतींना सुमारे 919 हर्ट्झ. इथे बफर नाहीत, त्यामुळे पुढची जोडी मागच्या जोडीतून करंट ओढते. आदर्श सर्किटमध्ये 650 हर्ट्झला पहिली जोडी सुमारे 56 अंश देते, मधलीही 56 आणि शेवटची 68. बेरीज 180च होते, पण सिग्नल मात्र आठवा हिस्सा न उरता एकोणतिसावा उरतो. 29 तिथून येतो.

धागाकर्ते, तुमच्या वर्णनात खरं उत्तर दडलंय. 400 किलोओहम आणि 745 हर्ट्झ हे दोन्ही आकडे एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. पण सांगण्याआधी एक मोजमाप करा, मग पटेल.

पॉट पुन्हा 300 किलोओहमवर आणा. ऑप-अँपच्या आउटपुटपासून पहिल्या कपॅसिटरला जाणारी वायर काढा. फीडबॅक रेझिस्टर जागेवर राहू दे. त्या मोकळ्या कपॅसिटरला सिग्नल जनरेटरमधून 1 व्होल्टची साइन द्या. लूप इथेच तोडायचा, मध्ये कुठे नाही. कारण ऑप-अँपच्या आउटपुटचा इम्पीडन्स फारच कमी असतो आणि जनरेटरचाही कमीच, त्यामुळे नेटवर्कला काही बदललंय हे कळतच नाही. मधल्या जोडीत तोडलं तर लोडिंगच बदलतं आणि भलतेच आकडे येतात.

आता एक प्रोब जनरेटरवर, दुसरा ऑप-अँपच्या आउटपुटवर, सीआरओ एक्स-वाय मोडमध्ये. फ्रिक्वेन्सी फिरवत न्या. लंबगोल मिटून उजवीकडे चढणारी तिरकी रेघ झाली की थांबा. तिथे फेज शून्य. ती फ्रिक्वेन्सी आणि आउटपुट किती, एवढं लिहा.

तिसरा_बाक:
केलं. 650 ला लंबगोल स्पष्ट दिसतो. रेघ होते ती 740-750 च्या मध्ये. तिथे आउटपुट साधारण 0.75 व्होल्ट.

जुना_मल्टीमीटर:
झालं तर मग. तुम्ही दोन्ही अटी वेगवेगळ्या मोजल्यात. फेजची अट 750 ला जुळते, म्हणून ऑसिलेटर चालला तर तिथेच चालणार. गेन त्या फ्रिक्वेन्सीला पाऊण भरतोय, म्हणून चालत नाही. चालवायचा तर 30 भागिले 0.75, म्हणजे 40 च्या आसपास गेन हवा. तुमचं पॉट 400 किलोओहमला का जागं झालं ते यात आलं. गेन वाढवल्याने फ्रिक्वेन्सी सरकली नाही, ती आधीपासूनच तिथे होती. फेज फ्रिक्वेन्सी ठरवते, गेन फक्त सर्किट जगणार की मरणार ते ठरवतो.

आता कारण. तुमचा तिसरा रेझिस्टर ग्राउंडला आहे, आणि इनपुट रेझिस्टरचं दुसरं टोक 2 नंबर पिनवर. ती पिन ग्राउंडला जोडलेली नाही, पण फीडबॅकमुळे तिथलं व्होल्टेज शून्यच राहतं. म्हणजे तिसऱ्या कपॅसिटरच्या दृष्टीने 10 किलोओहमचे दोन रेझिस्टर समांतर ग्राउंडला गेलेत. शेवटची जोडी 10 किलोओहमची नाहीच, 5 किलोओहमची आहे.

कपॅसिटरच्या इम्पीडन्सला R ने भागून `z` म्हणा. शेवटाकडून मागे व्होल्टेज आणि करंट मोजत गेलं की नेटवर्कचं इनपुट भागिले आउटपुट असं येतं:

```
तीनही समान:        1 + 6z + 5z² + z³
शेवटचा R/2:        1 + 9z + 9z² + 2z³
```

`z = -jα` घाला, `α = 1/(ωRC)`. काल्पनिक भाग शून्य ही फेजची अट. पहिल्या ओळीत `α² = 6`, आणि उरलेला वास्तव भाग 1 − 30 = −29. दुसऱ्या ओळीत `α² = 4.5`, आणि वास्तव भाग 1 − 40.5 = −39.5. तुमच्या R आणि C ला पहिली फ्रिक्वेन्सी 650, दुसरी 750. लूप गेन 30 भागिले 39.5, म्हणजे 0.76. तुम्ही 0.75 मोजलात.

उपाय एवढाच: ग्राउंडला गेलेला तिसरा रेझिस्टर काढून टाका. इनपुट रेझिस्टर हाच तिसरा रेझिस्टर. पुस्तकांत दोन्ही आकृत्या असतात, पण जिथे तिसरा R वेगळा दाखवतात तिथे इनपुट रेझिस्टर खूप मोठा धरलेला असतो, ही गोष्ट बऱ्याचदा लिहायची राहून जाते.

अर्धा_किलोओहम:
मग काढायचा कशाला, इनपुट रेझिस्टरच 100 किलोओहम करा ना. लोडिंग जवळजवळ संपेल.

जुना_मल्टीमीटर:
करता येईल. तेव्हा गेन 30 च्या जरासा आत हवा, म्हणजे फीडबॅकला 3 मेगओहम. 741 चा बायस करंट साधारण 80 नॅनोअँपिअर धरला तर तेवढ्या रेझिस्टरवर पाव व्होल्ट डीसी चढतो. चालेल, पण एक रेझिस्टर काढून काम होत असताना हा खटाटोप कशाला?

कंपनसुख:
माझंही असंच काहीसं आहे म्हणून इथेच विचारतो. मी तिसरा रेझिस्टर वेगळा लावलेला नाही, गेन 31, 741च. पण 10 किलोहर्ट्झसाठी बनवलाय. सुरू होतो, पण लाट साइन न दिसता त्रिकोणी दिसते आणि फ्रिक्वेन्सी हिशेबापेक्षा कमी भरते. सप्लाय ±15.

जुना_मल्टीमीटर:
तुमचं दुखणं वेगळं. 741 चं आउटपुट एका मायक्रोसेकंदात साधारण अर्धा व्होल्टच चढू शकतं. 10 किलोहर्ट्झच्या साइनला त्या वेगात फार तर 8 व्होल्टचं शिखर गाठता येतं, आणि तुमचं आउटपुट 13 कडे धावतंय. म्हणून कडा सरळ रेषेत चढतात. शिवाय हा उशीर म्हणजे जादा मागे पडलेली फेज. ती भरून काढायला नेटवर्कला जास्त पुढे सरकवावं लागतं, ते खालच्या फ्रिक्वेन्सीला होतं, म्हणून फ्रिक्वेन्सी उतरते. TL071 लावून बघा. पिना त्याच, वेग कितीतरी जास्त.

तिसरा_बाक:
तिसरा रेझिस्टर काढला. 300 किलोओहमला लगेच सुरू! फ्रिक्वेन्सी 638. पॉट हळूहळू कमी करत नेलं तर 290 च्या थोडं खाली लाट आक्रसत जाऊन बंद पडते.

आता दोन शंका. 650 का नाही? आणि 300 ला माथे किंचित सपाट आहेत, 330 ला तर चांगलेच सपाट. 290 च्या अगदी काठावर साइन सुंदर दिसते, पण तिथे बोट लावलं तरी बंद पडते.

अर्धा_किलोओहम:
सपाट माथ्यांमुळेच फ्रिक्वेन्सी पडली असणार.

जुना_मल्टीमीटर:
असेल, नसेलही. पॉट काठावर आणल्यावर फ्रिक्वेन्सी 650 कडे सरकली तर ते खरं. तिथेही 638 च राहिली तर कपॅसिटरकडे बघा. दोन टक्क्यांचा फरक तर चांगल्या कपॅसिटरलाही असतो, साध्या सिरॅमिकचं तर बोलायलाच नको.

माथ्यांचं मात्र असं आहे की गेन नेमका 29 वर कधीच टिकत नाही. थोडा कमी झाला की मरतो, थोडा जास्त झाला की सप्लायला टेकेपर्यंत वाढतो. तेव्हा मोठ्या लाटेला गेन आपोआप कमी होईल असं काहीतरी करावं लागतं. फीडबॅक दोन तुकड्यांत करा: 220 किलोओहम, त्याच्या ओळीने 100 किलोओहम, आणि फक्त त्या 100 वर दोन 1N4148 उलटसुलट समांतर. छोट्या लाटेला डायोड बंद, गेन 32, म्हणजे सुरुवात होणारच. लाट वाढली की डायोड 100 ला दाबतात आणि गेन 22 कडे उतरायला लागतो. मध्ये कुठेतरी 29 वर तोल साधतो, आउटपुट दोन-तीन व्होल्टला थांबतं.

लहरी:
डायोडने माथे गोल होतात, साफ नाही होत. थोडी विकृती राहतेच. आणि डायोडचा व्होल्टेज ड्रॉप तापमानाने बदलतो, दर अंशाला साधारण 2 मिलिव्होल्ट. बोर्ड तापलं की तुमची लाट लहान होणार.

जुना_मल्टीमीटर:
बरोबर. शंभराचा तुकडा लहान केला तर विकृती कमी होईल, पण लाटही थोडी लहान होईल आणि सुरुवातीचा जास्तीचा गेनही घटेल.

तिसरा_बाक:
डायोड लावले. काठावर असताना दिसायची तेवढी सुबक नाही, पण बोट लावलं तरी बंद पडत नाही. काठावरही 638 च येत होती, म्हणजे कपॅसिटर. पण माझ्याकडे कपॅसिटर मोजायला काही नाही. तीन कपॅसिटरपैकी कोणता जास्त भरतोय हे लूप तोडून, फेज बघून कळेल का, की तिघांचा मिळून एकच आकडा हाती येतो?