सात आठवड्यांच्या बाळाच्या जिभेवरचा पांढरा थर पुसून निघत नाही. दूध की बुरशी?

होटगीरोड:
मुलगी सात आठवड्यांची आहे. अंगावरचं पिते, रात्री एकदा बाटलीने वरचं दूध देतो. चार दिवसांपासून जीभ पांढरी दिसते. ओल्या कापसाने पुसलं की थोडं निघतं, थोडं तसंच राहतं. टाळूवर मधोमध एक पांढरा ठिपकाही आहे, मोहरीपेक्षा लहान. सासूबाई म्हणतात दुधाचा थर आहे. शेजारच्या काकू म्हणतात तोंड आलंय, टाकणखाराची लाही मधात कालवून लाव. ताप नाही, पिणं नेहमीसारखं आहे. सिझेरियनच्या टाक्यांसाठी मला दोन आठवड्यांपूर्वी पाच दिवस अँटिबायोटिक होतं. घरी कसं ओळखायचं?

शेंगाचटणी:
साधी खूण आहे. पुसून निघालं तर दूध, नाही निघालं तर थ्रश. तुमचं निघत नाही म्हणजे थ्रशच. मेडिकलमधून माउथ पेंट आणा आणि लावा.

जुनीविजापूरवेस:
टाळूवरच्या पांढऱ्या खपलीला घाबरू नका. रात्री खोबरेल तेल लावून ठेवा, सकाळी मऊ ब्रशने हलकेच काढा. आमच्या नातवाची महिन्याभरात गेली.

वॉर्डसिस्टर:
काका, त्या तोंडातल्या टाळूबद्दल विचारतायत, डोक्याच्या नाही. तोंडात तेल घालायचं नाही.

होटगीरोड ताई, आधी ते टाकणखार-मध राहू द्या. टाकणखार बाळाच्या पोटात गेला तर विषारी आहे. मधात एका जिवाणूचे बीज असू शकतात. वर्षाच्या आतल्या बाळाचं आतडं ते रोखू शकत नाही, आणि त्यातून अंग लुळं पडण्याचा आजार होतो. चाटण म्हणूनही मध नको.

'पुसून निघत नाही म्हणजे थ्रश' हे गालाच्या आत आणि ओठाच्या आत खरं आहे, जिभेवर अर्धंच खरं. जिभेचा पृष्ठभाग मखमलीसारखा असतो आणि दूध त्या लवेत अडकतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत लाळ कमी असते, त्यामुळे ते आपोआप धुतलं जात नाही. जिभेखालचा तंतू आखूड असेल तर जीभ वर टाळूला घासत नाही, मग मागच्या भागात थर कायमच राहतो. म्हणून फक्त जीभ सारखी पांढरी आणि बाकी तोंड गुलाबी असेल, तर बहुतेक वेळा ते दूधच असतं.

आता असं बघा. पाजल्यावर लगेच नको, तेव्हा सगळ्याच बाळांची जीभ पांढरी असते. तास-दीड तास जाऊ द्या, पुढच्या पाजण्याच्या जरा आधी बघा. हात धुवा. कापूस नको, त्याचे तंतू चिकटतात आणि तेच पांढरे दिसतात. स्वच्छ सुती मलमल उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून पिळा आणि बोटाला गुंडाळा. जीभ एकदाच हलकेच पुसा. मग खालचा ओठ बोटाने बाहेर वळवून आतली बाजू बघा, वरचा ओठ बघा, दोन्ही गालांच्या आत आणि हिरड्यांवर बघा. दाराजवळ उजेडाकडे तोंड करून धरलं तर टॉर्च लागत नाही.

बुरशीचे चट्टे फाटलेल्या दुधाच्या कणांसारखे दिसतात. कडा वेड्यावाकड्या, जरा उठलेले. पुसले की निघत नाहीत, किंवा निघाले तर खाली लालभडक, कधी रक्त टिपकणारी जागा राहते. एकदा पुसून कळलं की पुरे. खरवडत बसलात तर तिथे जखम होईल, आणि मग डॉक्टरांनाही मूळ चट्टा कोणता ते कळणार नाही.

टाळूवरचा ठिपका गोल, टणक, मोत्यासारखा आणि अगदी मधल्या रेषेवर असेल तर तो जन्मापासूनचा असतो. त्याला काही करायचं नाही, काही आठवड्यांत जिरतो.

होटगीरोड:
सकाळी तुम्ही सांगितलं तसं बघितलं. जिभेचा पुढचा भाग पुसल्यावर गुलाबी झाला, मागे थोडं पांढरं राहिलं. गाल दोन्ही स्वच्छ. पण खालच्या ओठाच्या आत दोन चट्टे आहेत, तांदळाच्या दाण्याएवढे. ते हलले नाहीत, एकाच्या कडेला लाल दिसलं. टाळूचा ठिपका गोल आणि टणक आहे. आणखी एक, लंगोटाच्या जागी जांघेच्या वळीत लाली आहे, भोवती बारीक लाल पुटकुळ्या.

वॉर्डसिस्टर:
म्हणजे तुमच्या बाळाला दोन्ही असावं. जिभेवर बरंचसं दूध आणि ओठात बुरशी. जांघेतली लाली त्याच बाजूने बोलते. साधी लंगोटाची लाली उंचवट्यावर असते, वळीत कमी. वळीत लाल आणि कडेला सुट्या पुटकुळ्या असल्या की बुरशीचा संशय वाढतो. तुमचं अँटिबायोटिकही बसतं यात. बुरशीला आवरणारे नेहमीचे जंतू त्याने कमी होतात.

उद्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा, सिव्हिलची ओपीडी चालेल. जांघही दाखवा, त्याला वेगळं मलम लागतं. मेडिकलमधून स्वतःहून आणू नका. मायकोनाझोलचा घट्ट जेल चार महिन्यांच्या आत देत नाहीत, त्याचा गोळा घशात अडकू शकतो. डॉक्टर बहुधा निस्टॅटिनचे थेंब किंवा क्लोट्रिमॅझोलचं माउथ पेंट लिहितील. मात्रा चिठ्ठीप्रमाणेच.

औषध लागू पडत नाही ते बहुतेक लावण्याच्या पद्धतीमुळे. पाजण्याआधी लावलं तर दुधाबरोबर पोटात जातं, म्हणून पाजल्यानंतर लावायचं. जिभेवर एकदम ओतलं तर बाळ गिळून टाकतं. चिठ्ठीतल्या मात्रेचे दोन भाग करून दोन्ही गालांच्या आत सोडा आणि चट्ट्यांवर फिरवा. ड्रॉपर तोंडाला लागला तर तसाच बाटलीत घालू नका. आणि पांढरं दिसेनासं झालं म्हणून थांबू नका. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर त्यानंतरही दोन दिवस चालू ठेवायचं असतं.

रात्रीच्या बाटलीचं निपल रोज साबणाने घासून उकळा. पांढऱ्या थरासाठी बाळाला पाणी पाजू नका, आपल्याकडचा उन्हाळा असला तरी. सहा महिन्यांपर्यंत दूधच.

शेंगाचटणी:
जिभेचं मला माहीत नव्हतं. पण थोडासा थ्रश आपोआपही जातो ना?

वॉर्डसिस्टर:
हलका असेल तर जातो. पण इथे जांघेतही दिसतंय आणि आई पाजतेय, तेव्हा वाट बघायला मी सांगणार नाही.

होटगीरोड:
पाजताना मला डाव्या बाजूला जळजळ होते, पाजून झाल्यावरही अर्धा तास राहते. बाहेरून काही दिसत नाही. मलाही औषध लागेल का?

वॉर्डसिस्टर:
स्तनाग्र चकचकीत गुलाबी, सालं निघणारं, खाजरं असतं तर मी लगेच हो म्हटलं असतं. बाहेरून काही नसताना नुसती जळजळ बुरशीची असते का, यावर डॉक्टरांतच एकमत नाही. पकड चुकीची असली तरी अशीच आग होते. म्हणून उद्या डॉक्टरांसमोर पाजून दाखवा, त्यांना पकड बघू द्या. बुरशी ठरली तर दोघींचं औषध एकाच दिवशी सुरू करा, नाहीतर एकीकडून दुसरीकडे फिरत राहते. पाजणं थांबवू नका.

जुनीविजापूरवेस:
मी चुकीचं वाचलं, माफ करा. सुनेला विचारायचं आहे. नातू दहा महिन्यांचा आहे, त्याला तिसऱ्यांदा तोंडात पांढरं झालंय.

वॉर्डसिस्टर:
काका, त्या वयात पुन्हा पुन्हा होत असेल तर नुसतं लावायचं औषध पुरत नाही, कारण शोधावं लागतं. दम्याचा पंप किंवा अँटिबायोटिक चालू आहे का, वजन वाढतंय का, हे लिहून घेऊन दाखवा. आणि होटगीरोड ताई, तिने दूध तोडलं, शू कमी झाली किंवा ताप १००.४ फॅरनहाइटला गेला तर उद्याची वाट बघू नका. तीन महिन्यांच्या आत तेवढा ताप म्हणजे त्याच वेळी दवाखाना, मग रात्र का असेना.