मदत हवी आहे: शिडीवरून पडलेल्या कामगाराच्या अपघात अहवालात मूळ कारण काय लिहू?

नमस्कार मंडळी. आमच्याकडे केबल ट्रेचा क्लॅम्प आवळताना शिडीचा पाय सरकला आणि कामगार खाली आला. त्याचे पाय साधारण 4 मीटर उंचीवर होते, टाचेचं हाड मोडलं. हार्नेस अंगावर होता, पट्टे नीट आवळलेले होते, पण लॅनयार्डचे दोन्ही हुक छातीवरच्या लूपमध्येच अडकवलेले सापडले.

वरिष्ठ म्हणतात, "हुक लावला नाही, कामगाराचा निष्काळजीपणा," एवढं लिहून टाक. मला ते पटत नाही. मी स्वतः शिडी लावून वर जाऊन पाहिलं. हाताशी फक्त केबल ट्रे आणि एक बारीक पाइप, दोन्हींवर माणसाचा झटका पेलणार नाही. मग त्याने हुक लावायचा कुठे, शिडीच्या पायरीला? शिडीच सरकली, म्हणजे तीही सोबत आली असती.

शिवाय हिशोब बघा. कमरेच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून 5 मीटरवर हुक असता, तर 1.8 मीटर लॅनयार्ड, शॉक अॅब्सॉर्बर उघडून साधारण 1.1, पाठीच्या डी-रिंगपासून पायापर्यंत 1.5 आणि राखीव 1 मीटर, म्हणजे 5.4 मीटर लागले असते. तेवढी जागाच नव्हती!

माझे प्रश्न दोन आहेत. 'अँकर पॉइंटच नव्हता, तरी वर्क परमिट दिलं' हे मूळ कारण म्हणून कोणत्या शब्दांत मांडाल? आणि उपायात वरच्या बीमला रिट्रॅक्टेबल ब्लॉक सुचवू, की शिडीच बंद करून चाकाचा स्कॅफोल्ड? मला दुसरं बरं वाटतं.