मदत हवी आहे: इंडक्शनच्या प्रूफमधली एक ओळ कळत नाहीये (एफवाय बीएस्सी)

लेक्चरच्या नोट्सचा मित्राने काढलेला फोटो आहे, कोपरा ब्लर आहे म्हणून टाइपच करतोय. सिद्ध करायचंय की n ≥ 5 असेल तर 2^n > n^2.

```
1) n=5: 32 > 25
2) समजा 2^k > k^2, k ≥ 5
3) 2^(k+1) = 2·2^k > 2k^2
4) = k^2 + k^2 ≥ k^2 + 5k
5) = k^2 + 2k + 3k > k^2 + 2k + 1
6) = (k+1)^2
```

तिसऱ्या ओळीत गृहीतक वापरलंय हे कळलं, पाचवीतही 3k हे 1 पेक्षा मोठं म्हणून चालतं. अडलोय चौथ्या ओळीत. k ≥ 5 ला k ने गुणलं की k^2 ≥ 5k येतं हे मान्य, पण मुळात 5k च घ्यायचं हे सुचतं कसं? मी शेवटून उलटं जाऊन बघितलं, तर गरज फक्त k^2 > 2k + 1 एवढीच आहे, आणि ते k = 3 पासूनच खरं आहे (9 > 7). म्हणजे ही स्टेप 3 पासून चालते, पण विधान मात्र 3 ला खोटं (8 आणि 9) आणि 4 ला 16 = 16, बरोबरीच. इथेच डोकं फिरलं.

लॉग, डेरिव्हेटिव्ह वापरून नको, पेपरात इंडक्शननेच लिहायचंय.

तर 5 पासून सुरुवात ही फक्त पहिल्या ओळीमुळे आहे का, आणि मी चौथ्या ओळीत 5k ऐवजी सरळ k^2 > 2k + 1 सिद्ध करून लिहिलं तर प्रूफ पूर्ण धरतील का?