जेडी ईमेलवरच मागा, सीव्ही त्यानंतर

> "जावा डेव्हलपर, ४ ते ६ वर्षं, पुणे, इमिजिएट जॉइनर. इंटरेस्टेड?" व्हॉट्सॲपवर रिक्रूटरकडून एवढंच आलंय. पूर्ण जेडी, म्हणजे कामाचं सविस्तर वर्णन, कशी मागू?

नकार वाटणार नाही असं, पण ईमेलवर मागा. एवढं पुरे:

"नमस्कार, या जागेत रस आहे. क्लायंटकडून आलेली मूळ जेडी कृपया ईमेलवर पाठवा. नेमणूक कंपनीच्या पेरोलवर की थर्ड पार्टीच्या, ऑफिसला आठवड्यातून किती दिवस, शिफ्ट कोणती, हेही कळवा. वाचून उद्यापर्यंत उत्तर देतो."

यातला पेरोलचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. जेडीत तो बहुधा नसतो आणि ऑफर लेटरवर भलत्याच कंपनीचं नाव दिसल्यावर उलगडा होतो.

कन्सल्टन्सी क्लायंटचं, म्हणजे भरती करणाऱ्या कंपनीचं, नाव बहुतेकदा आधी सांगत नाहीत. त्यांना तुम्ही थेट अर्ज कराल अशी भीती असते. ते चालेल. पण नाव कळल्याशिवाय आणि तुम्ही लेखी होकार दिल्याशिवाय प्रोफाइल पुढे पाठवू नका, असं त्याच ईमेलमध्ये लिहा. दोन एजन्सींकडून एकच सीव्ही गेला तर काही कंपन्या उमेदवार कोणत्या एजन्सीचा या वादात न पडता उमेदवारच बाद करतात.

आलेल्या जेडीतलं एखादं सलग वाक्य अवतरणचिन्हांत घालून गूगलवर टाका. तेच वाक्य पाच वेगळ्या कंपन्यांच्या जाहिरातींत दिसलं, तर ती साच्यातली जेडी आहे. मग "रोजच्या कामात नवं डेव्हलपमेंट किती आणि सपोर्ट किती?" एवढंच विचारा.