मदत हवी आहे: इव्हेंटची आठवण सगळ्यांपर्यंत कशी पोचवायची?

नमस्कार मंडळी. आमचा साताऱ्यातला दहावीच्या मित्रमैत्रिणींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, 42 जणांचा. येत्या रविवारी सज्जनगडला जायचं ठरलंय. मेसेज बॉक्सजवळच्या जोडणीच्या खुणेतून इव्हेंट उघडला, तारीख, सकाळी 6 ची वेळ आणि ठिकाण 'राजवाडा, चौपाटीजवळ' असं भरून पाठवला.

अडचण उत्तरांची आहे. 17 जणांनी इव्हेंट उघडून 'येणार' दाबलं. नऊ जणांनी खाली नुसता अंगठा टाकला, काहींनी 'नक्की रे' लिहिलं. ते मोजणीत येतच नाहीत. शिवाय दिवस जवळ आल्यावर सूचना जाते ती 'येणार' दाबलेल्यांनाच, असं माझ्या लक्षात आलंय. म्हणजे अंगठेवाले रविवारी झोपूनच राहायचे! आणि मला 17 आसनी गाडी सांगायची की मोठी, हे शुक्रवारपर्यंत ठरवायचंय.

इव्हेंट वर पिन करून ठेवू, की अंगठेवाल्या नऊ जणांना नावानं टॅग करून 'बटण दाबा' म्हणू? वेळ साडेपाच केली, तर आधी 'येणार' म्हटलेल्यांना ते आपोआप कळतं का, की वेगळा मेसेज टाकावा लागतो? कुणी असं केलं असेल तर कृपया सांगा.